मेलमधली विनंती शेवटच्या ओळीतून पहिल्या ओळीत आणताना

प्रश्न: माझे मेल लांबतात आणि मॅडम दरवेळी फोन करून विचारतात, "तुम्हाला नक्की काय हवंय?" निष्कर्ष आणि विनंती आधी लिहा असं सगळे सांगतात, पण तसं केलं की मला ते उद्धट वाटतं आणि पुढची कारणं तुटक होतात. खालचा मसुदा विभागप्रमुख मॅडमना आज, शुक्रवारी ६ तारखेला, पाठवायचा आहे. तो कसा बदलू?

> विषय: नवीन बिलिंग सिस्टीमबाबत
>
> नमस्कार मॅडम,
>
> आपल्याला माहीतच आहे की गेले तीन महिने आमची टीम जुन्या बिलिंग सिस्टीममधला डेटा नवीन सिस्टीममध्ये नेण्याचं काम करत आहे. मागच्या आठवड्यात पहिली चाचणी घेतली तेव्हा काही खात्यांचे पत्ते अर्धवट आले होते. ती अडचण आम्ही लगेच सोडवली. त्यानंतर गुरुवारी ५ तारखेला दुसरी चाचणी घेतली. त्यात ४०,००० खाती नेली. पत्ते आता बरोबर येत आहेत. मात्र १,२०० खात्यांची थकबाकी जुन्या सिस्टीमशी जुळत नाही असं आढळलं. तपासणी केली असता लक्षात आलं की हप्त्याने भरलेल्या रकमा जुन्या सिस्टीममध्ये वेगळ्या टेबलमध्ये आहेत आणि आपली स्क्रिप्ट त्यातला फक्त शेवटचा हप्ता उचलते. स्क्रिप्ट दुरुस्त करायला चार दिवस आणि पुन्हा पूर्ण चाचणीला तीन दिवस लागतील. २१ तारखेला व्हेंडरची टीम उपलब्ध नाही. सेवा बंद राहण्याची सूचना ग्राहकांना मंगळवारी १० तारखेला सकाळी जाणार आहे. जुन्या सिस्टीमचा करार ३१ तारखेपर्यंत आहे. टीमने सुट्टीच्या दिवशीही काम केलं आहे. या सर्व बाबींचा विचार करता शनिवारी १४ तारखेला सिस्टीम सुरू करणं थोडं अवघड वाटतं. तरी याबाबत योग्य तो निर्णय कळवावा ही विनंती.

उत्तर: नुसतं शेवटचं वाक्य उचलून वर ठेवलंत तर हा मेल सुधारणार नाही. करून बघा: "नमस्कार मॅडम, याबाबत योग्य तो निर्णय कळवावा ही विनंती," आणि पुढे सगळा इतिहास. असा मेल खरोखरच उद्धट वाटतो, कारण कशाचा निर्णय हे न सांगताच तो मागितला आहे. तेव्हा वाक्यांची जागा बदलण्याआधी वर नेण्यासारखं काय आहे ते शोधायला हवं. तुमच्या मसुद्यात ते अजून लिहिलेलंच नाही. दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या आहेत.

पहिली म्हणजे विनंती. १४ तारीख अवघड आहे एवढं तुम्ही लिहिलंय, पण मग कोणती तारीख हवी ते कुठेच नाही. दुरुस्ती आणि चाचणीला सात दिवस लागणार, २१ला व्हेंडर नाही, करार ३१ला संपतोय. हे तीन तुकडे जोडून, कॅलेंडर समोर घेऊन, उत्तर मॅडमनी स्वतः काढायचं आहे. सिस्टीम शनिवारीच बदलता येते असं मी धरते आहे. तसं असेल तर उत्तर एकच निघतं, शनिवार २८. हे तुम्हाला कधीच माहीत होतं. प्रत्येक तुकडा तुम्ही त्याच दिशेने ठेवत गेला आहात, पण तारीख लिहायची वेळ आली तेव्हा "योग्य तो निर्णय" म्हणून थांबलात. मॅडमचा फोन येतो तो याच जागेसाठी.

दुसरी म्हणजे निष्कर्ष. "१,२०० खात्यांची थकबाकी जुळत नाही" हे तुम्हाला चाचणीत दिसलेलं दृश्य झालं. त्याचा अर्थ काय? स्क्रिप्ट फक्त शेवटचा हप्ता उचलत असेल तर आधी भरलेले हप्ते नवीन सिस्टीममध्ये जमाच दिसणार नाहीत. म्हणजे थकबाकी खऱ्यापेक्षा जास्त दिसेल, आणि ज्यांनी पैसे भरलेत त्यांच्याकडे तेच पैसे पुन्हा मागितले जातील. विभागप्रमुखांच्या दृष्टीने या मेलमधली खरी बातमी ही आहे, आणि ती मसुद्यात एकदाही येत नाही. तुम्ही रोज त्या टेबलांमध्ये वावरता, म्हणून "थकबाकी जुळत नाही" हे शब्द वाचताच तुमच्या डोळ्यांसमोर चिडलेला ग्राहक उभा राहतो. मॅडमसमोर फक्त एक तांत्रिक तक्रार उभी राहते.

मसुदे हातात येतात तेव्हा बहुतेकांत मला हेच दिसतं. लिहिणाऱ्याने काम ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने मेल लिहिलेला असतो: आधी हे केलं, मग ते आढळलं, मग असं लक्षात आलं. विचार करताना हा क्रम कामाचा असतो, म्हणून पहिला मसुदा तसाच लिहा, त्याला माझी हरकत नाही. पण तो पाठवायचा मेल नव्हे. तो लिहून संपला की तुम्हाला काय म्हणायचंय ते तुम्हालाच पहिल्यांदा नीट कळतं. मग मसुद्याच्या शेवटाकडे जा आणि "त्यामुळे", "म्हणून", "तरी", "या सर्व बाबींचा विचार करता" असे शब्द शोधा. निष्कर्ष असतो तो साधारण त्यांच्याच आसपास. तिथे मोघम काही सापडलं, तर तेवढ्याच जागी बसून तो पूर्ण करा.

विनंती पूर्ण झाली की नाही हे पाहण्यासाठी मी एकच कसोटी लावते. समोरच्याने उत्तरात फक्त "हो" लिहिलं तर तुम्ही लगेच कामाला लागू शकाल का? "योग्य तो निर्णय कळवावा" याला "हो" असं उत्तर देताच येत नाही. "१४ तारीख पुढे ढकलता येईल का?" याला येतं, पण तेवढ्याने तुमचं काम पुढे सरकत नाही, कारण कधीपर्यंत ढकलायची हे पुन्हा विचारावं लागेल. "नवीन बिलिंग सिस्टीम १४ ऐवजी शनिवारी २८ तारखेला सुरू करायला आपली मंजुरी हवी आहे" याला "हो" आलं, की सूचनेतली तारीख बदलता येते, व्हेंडरला कळवता येतं, टीमला वेळापत्रक देता येतं. विनंती इतकी नेमकी झाली पाहिजे.

तिला मुदत जोडा आणि मुदतीचं कारणही द्या. तुमच्याकडे ते आयतं आहे, फक्त मसुद्याच्या पोटात हरवलंय: ग्राहकांना सूचना मंगळवारी सकाळी जाणार. एकदा ती गेली की १४ तारीख जाहीर झाली, मग ती बदलण्यात जास्त नामुष्की. म्हणून उत्तर सोमवारी संध्याकाळी ५ पर्यंत हवं. "लवकरात लवकर" लिहू नका. ज्याला दिवसभर मेल येतात त्याच्या लेखी त्याचा अर्थ "सवड मिळेल तेव्हा" असा होतो. आणि कारण नसलेली मुदत हुकूम वाटते, तर कारणासकट दिलेली मुदत माहिती वाटते. उद्धटपणाची तुमची भीती खरं तर इथे सुटते.

त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण याच भीतीपायी चांगले चांगले लोक विनंती मेलच्या तळाशी ठेवतात. विनंती वर असल्यामुळे मेल उद्धट होत नाही. उद्धट होतो तो क्रियापदामुळे, कारण न दिल्यामुळे, किंवा निर्णयाचा अधिकार समोरच्याचा आहे हे विसरल्यामुळे. "तारीख २८ करावी" आणि "तारीख २८ करायला आपली मंजुरी हवी आहे" ही दोन्ही पहिलीच वाक्यं आहेत. पहिल्यात तुम्ही सूचना देताय, दुसऱ्यात निर्णय मॅडमच्या हातात ठेवताय. "नमस्कार मॅडम" कायम ठेवा, "आपली" कायम ठेवा, "ही विनंती" सुद्धा ठेवा. आदर दाखवायला एवढं पुरेसं आहे. "आपल्याला माहीतच आहे की" या सुरुवातीने आदर वाढत नाही. उलट, माहीत असलेलं पुन्हा वाचायला लावणं हाच वाचणाऱ्याच्या वेळेचा अनादर होतो.

आता विनंती आधी की निष्कर्ष आधी? दोन्ही पहिल्या दोन वाक्यांत असले की क्रमाने फारसं बिघडत नाही, पण मी असं ठरवते: वाचणाऱ्याला विषय आधीपासून ठाऊक असेल तर विनंती आधी, नसेल तर निष्कर्ष आधी. मॅडमना प्रकल्प माहीत आहे, १४ तारीखही माहीत आहे, म्हणून इथे विनंतीने सुरुवात करा आणि लगेच पुढच्या वाक्यात "का" सांगा. हाच मेल दुसऱ्या विभागाच्या प्रमुखांना गेला असता तर मी "१४ला सिस्टीम सुरू केली तर १,२०० ग्राहकांना चुकीची बिलं जातील" इथून सुरू केलं असतं.

एक सावधगिरी इथेच घ्या. निष्कर्ष मसुद्याच्या शेवटी दडलेला असतो तेव्हा तो थोडा सैल असला तरी खपून जातो. पहिल्या ओळीत आला की सगळ्यांची नजर त्याच्यावर पडते, मेल पुढे पाठवला जातो तेव्हाही तेच वाक्य उचललं जातं. म्हणून ते पुराव्याच्या पलीकडे जाता कामा नये. "नवीन सिस्टीम तयार नाही" असं लिहिलंत तर ते खोटं ठरेल, कारण उरलेली ३८,८०० खाती बरोबर आली आहेत. आणि मी वर काढलेला "पैसे पुन्हा मागितले जातील" हा अर्थ तुमच्या दोन ओळींवरून काढलेला आहे. पाठवण्याआधी टीमकडून खात्री करून घ्या: सगळ्या १,२०० खात्यांत थकबाकी जास्तच दिसते का, की काहींत कमीही दिसते? काहींत कमी असेल तर "चुकीची बिलं जातील" एवढंच लिहा. वाक्य थोडं सौम्य होईल, पण टिकेल.

त्यानंतर आधाराचे मुद्दे. इथे मेल तुटक होण्याचं कारण असं की लोक आधीचाच परिच्छेद कापून त्याचे तुकडे एकाखाली एक लावतात. मुद्दे मसुद्यातून निवडू नका, वाचणाऱ्याच्या प्रश्नांतून निवडा. मॅडमनी पहिली तीन वाक्यं वाचली आहेत, १४ ऐवजी २८ हवी आहे हे त्यांना कळलंय. आता त्यांच्या मनात काय येईल? चूक किती मोठी आहे, आणि ती खरंच सापडली आहे का? दोन आठवडे कशाला, एक का पुरणार नाही? पुढे ढकलल्याने काय बिघडेल, काही खर्च येईल का? तीन प्रश्न, म्हणून तीन मुद्दे. हे प्रश्न कागदाच्या एका बाजूला लिहा आणि मसुद्यातलं एकेक वाक्य घेऊन बघा, ते यांपैकी कशाचं उत्तर देतं.

तुमच्या मसुद्यावर हे करून पाहू. "गेले तीन महिने टीम काम करत आहे" कशाचंच उत्तर देत नाही, गळलं. पहिल्या चाचणीतले पत्ते आणि ते दुरुस्त झाल्याचं वाक्य गळलं. तुम्हाला ते सोडवत नसेल, कारण त्यावर तुम्ही मेहनत घेतली आहे, पण आजच्या निर्णयाशी त्याचा संबंध नाही. उलट त्यात धोका आहे. घाईत वाचणाऱ्याला "पत्ते अर्धवट" तेवढं लक्षात राहतं आणि सुटलेली अडचण अजून सुटलेली नाही असं वाटतं. दुसऱ्या चाचणीची तारीख, ४०,००० आणि १,२०० हे आकडे आणि हप्त्यांचं कारण पहिल्या प्रश्नाकडे जातात. चार दिवस, तीन दिवस आणि २१ला व्हेंडर नसणं दुसऱ्याकडे. ३१ला संपणारा करार तिसऱ्याकडे. टीमने सुट्टीच्या दिवशी काम केलं हे वाक्य कुठेच बसत नाही. ते महत्त्वाचं आहे, त्याची दखल घेतली जावी असं मलाही वाटतं, पण त्यासाठी स्वतंत्र मेल लिहा. या मेलमध्ये ते सबबीसारखं दिसतं.

टेबलाचं नेमकं नाव, कोणती खाती, स्क्रिप्टची कोणती ओळ, चाचणीचा तक्ता हे सगळं सोबतच्या फाइलमध्ये. ९ ऑगस्ट १९४० रोजी, ऐन युद्धात, ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या सहकाऱ्यांना लांबलचक अहवालांबद्दल एक टिपण पाठवलं होतं. मुख्य मुद्दे छोट्या, नेमक्या परिच्छेदांत मांडा आणि गुंतागुंतीचं विश्लेषण किंवा आकडेवारी परिशिष्टात द्या, असं त्यात सांगितलं होतं. मेलच्या बाबतीत ही विभागणी तशीच्या तशी लागू पडते: निर्णयाला लागतं ते मेलमध्ये, पडताळणीला लागतं ते फाइलमध्ये. फक्त मेल एवढा भरीव ठेवा की फाइल न उघडताही निर्णय घेता येईल. फोनवर मेल वाचणारे फाइल उघडत नाहीत.

आता एकेक मुद्दा कसा लिहायचा ते दाखवते, कारण इथे पुष्कळजण अडतात. मुद्द्याची सुरुवात लेबलने करू नका, विधानाने करा. "वेळापत्रक: स्क्रिप्ट ४ दिवस, चाचणी ३ दिवस, व्हेंडर २१ला नाही." ही लेबल लावलेली टिपणं झाली. वाचणाऱ्याला पुन्हा तेच जोडकाम करावं लागतं, फक्त आता वाक्यांऐवजी तुकड्यांचं. याउलट "२८च्या आधीचा शनिवार मिळत नाही" हे विधान आहे. त्यापुढे हेच आकडे आले की ते त्या विधानाला टेकू देतात. तुम्ही ज्याला तुटकपणा म्हणता तो बहुतेक वेळा असा येतो. मुद्दे छोटे असल्याने तो येत नाही, "म्हणून" आणि "कारण" हे जोडशब्द कापाकापीत गळून पडल्याने येतो. मुद्दा दोन-तीन वाक्यांचा असू द्या, पण ती वाक्यं पूर्ण असू द्या.

तपासायला सोपा उपाय आहे. प्रत्येक मुद्द्याचं फक्त पहिलं वाक्य वाचत खाली जा. तेवढ्यावरून युक्तिवाद कळला पाहिजे. मग पहिल्या विनंतीपुढे "कारण" हा शब्द मनात ठेवून प्रत्येक मुद्दा वाचा. "२८ तारीख हवी, कारण आधीचा शनिवार मिळत नाही" बसतं. "२८ तारीख हवी, कारण पत्ते आता बरोबर येत आहेत" बसत नाही. न बसणारा मुद्दा काढायचा.

आणि एक मुद्दा तुमच्या विनंतीच्या विरोधात जाणारा असू द्या. तुमच्या मसुद्यात करार ३१पर्यंत आहे एवढंच आहे, ते सोयीचं आहे. पण मॅडम कॅलेंडर बघतील तेव्हा त्यांना दिसेल की २८ला काही फसलं तर करार संपण्याआधी दुसरा शनिवार उरत नाही. हे त्यांनी शोधण्यापेक्षा तुम्ही सांगा, आणि त्यावर काय करताय तेही सांगा. जुना करार महिनाभर वाढवायला किती पडेल हे आजच विचारून ठेवता येईल. हा मुद्दा घातला की मेल जास्त खरा होतो आणि मंजुरीनंतर येणारा दुसरा फोनही वाचतो.

विषयाची ओळ सगळ्यांत शेवटी लिहा, मेल तयार झाल्यावर. "नवीन बिलिंग सिस्टीमबाबत" या नावाचे मेल मॅडमच्या इनबॉक्समध्ये ढिगाने असतील. फोनवरच्या सूचनेत विषय आणि पहिल्या ओळीचे काही शब्द एवढंच दिसतं, म्हणून काय करायचंय आणि कधीपर्यंत हे दोन्ही विषयाच्या सुरुवातीला घ्या. विषय लांबला तर फोनवर त्याची शेपटी कापली जाते, तेव्हा कापला गेला तरी चालेल तो भाग शेवटी ठेवा.

एवढं सगळं केल्यावर तुमचा मेल असा होतो:

> विषय: सोमवारी संध्याकाळी ५ पर्यंत मंजुरी हवी: बिलिंग सिस्टीम १४ ऐवजी २८ तारखेला
>
> नमस्कार मॅडम,
>
> नवीन बिलिंग सिस्टीम १४ ऐवजी शनिवारी २८ तारखेला सुरू करायला आपली मंजुरी हवी आहे. १४ला सुरू केली तर सुमारे १,२०० ग्राहकांकडे त्यांनी आधीच भरलेले पैसे पुन्हा मागितले जातील. सेवा बंद राहण्याची सूचना ग्राहकांना मंगळवारी सकाळी जाणार आहे, म्हणून सोमवारी ९ तारखेला संध्याकाळी ५ पर्यंत उत्तर मिळावं ही विनंती.
>
> - चूक कशामुळे होते ते सापडलं आहे. गुरुवारच्या चाचणीत ४०,००० पैकी १,२०० खात्यांची (३ टक्के) थकबाकी खऱ्यापेक्षा जास्त दिसली, कारण आपली स्क्रिप्ट भरलेल्या हप्त्यांपैकी फक्त शेवटचा उचलते.
> - २८च्या आधीचा शनिवार मिळत नाही. सोमवारी काम सुरू केलं तर चार दिवसांची दुरुस्ती आणि तीन दिवसांची पूर्ण चाचणी मंगळवारी १७ला संपेल. त्यानंतरच्या शनिवारी, २१ला, व्हेंडरची टीम उपलब्ध नाही.
> - जुना करार ३१पर्यंत असल्याने आत्ता जादा खर्च नाही, पण २८ नंतर दुसरा शनिवार उरत नाही. म्हणून करार एक महिना वाढवायचा झाल्यास किती खर्च येईल हे मी आजच विचारून ठेवत आहे.
>
> चुकीच्या खात्यांची यादी आणि चाचणीचा तक्ता सोबत जोडला आहे.

शेवटी पुन्हा "तरी मंजुरी द्यावी ही विनंती" लिहायचा मोह होईल. नको. एकच विनंती दोन ठिकाणी, थोड्या वेगळ्या शब्दांत आली की वाचणारा त्यात फरक शोधू लागतो. "१७ला" असं का लिहिलं तेही सांगते. "सात दिवस" लिहिलं असतं तर ते कामाचे की सलग, शनिवार-रविवार धरून की सोडून, हा प्रश्न आला असता. सोमवार ते गुरुवार दुरुस्ती, शुक्रवार, सोमवार आणि मंगळवार चाचणी, अशी मोजणी तुम्ही करा आणि मॅडमना फक्त तारीख द्या.

"सोमवारपर्यंत उत्तर न आल्यास मंजुरी गृहीत धरू" असं वाक्य काहीजण घालतात. इथे घालू नका. ते फक्त तुमच्या अधिकारातल्या गोष्टींना चालतं, जसं "हरकत नसेल तर चाचणीची वेळ सकाळची ठेवतो." ग्राहकांना कळवायची तारीख बदलणं विभागप्रमुखांच्या अधिकारात येतं, तिथे गप्प राहण्याचा अर्थ होकार असा लावता येत नाही. फार तर असं लिहा की उत्तर येईपर्यंत मंगळवारची सूचना थांबवून ठेवू का, आणि तेही थांबवणं तुमच्या हातात असेल तरच.

काही मेल असे उलटवू नयेत. एखाद्याचा अर्ज नाकारायचा असेल, कुणाच्या कामातली चूक दाखवायची असेल किंवा मन दुखावणारी बातमी असेल, तर आधी एखाद-दुसरं वाक्य संदर्भाचं द्या, मग निष्कर्ष. तिथेही तिसऱ्या वाक्यापलीकडे लांबवू नका, नाहीतर वाचणारा धास्तावत जातो. वाचणारा तुमच्या प्रस्तावाच्या ठाम विरोधात आहे हे आधीच माहीत असेल, तर मुळात मेल हे माध्यम चुकीचं आहे. बोलून घ्या आणि ठरलं ते मेलने कळवा. आणि तुमचाच निष्कर्ष अजून झाला नसेल तर तेच पहिल्या वाक्यात सांगा: "दोन पर्याय आहेत, माझा कल पहिल्याकडे आहे, आपलं मत हवं आहे." यालाही विनंती आधी लिहिणंच म्हणतात. विनंत्या दोन असतील आणि एकीचा निर्णय दुसरीवर अवलंबून नसेल, तर दोन मेल लिहा. एकाच मेलमध्ये घातल्या की सोप्या विनंतीला उत्तर येतं आणि अवघड तशीच राहते. तसंच "टू"मध्ये तिघे असतील तर कोणाकडून काय हवंय ते नावानिशी लिहा, नाहीतर तिघेही एकमेकांच्या उत्तराची वाट बघतात.

पाठवण्याआधी मेल स्वतःला पाठवून फोनवर उघडा. स्क्रीन न सरकवता तारीख, कारण आणि मुदत तिन्ही दिसतात का ते बघा. नंतर शेजारच्या सहकाऱ्याला, ज्याला हा प्रकल्प ठाऊक नाही, फक्त पहिला परिच्छेद दाखवा आणि विचारा, "मॅडमनी काय करायचंय?" तो "मंजुरी द्यायची, २८साठी, सोमवारपर्यंत" असं म्हणाला तर मेल तयार आहे. तो "काहीतरी बिलाचा घोळ झालाय" म्हणाला, तर निष्कर्षाने विनंतीला झाकलं आहे. मग दुसरं वाक्य छोटं करा.

सोमवारी दुपारपर्यंत उत्तर आलं नाही तर नवा मेल लिहू नका. त्याच मेलवर उत्तर म्हणून दोनच वाक्यं पाठवा: "मॅडम, बिलिंग सिस्टीम २८ला सुरू करण्याची मंजुरी आज ५ पर्यंत हवी आहे, उद्या सकाळी ग्राहकांना सूचना जाते. 'हो' किंवा 'नाही' एवढं उत्तर पुरेसं आहे, कारणं खालच्या मेलमध्ये आहेत." आणि चार वाजेपर्यंत तेही वाचलं गेलेलं दिसलं नाही, तर सरळ फोन करा.